मदत हवी आहे: फोटोतले चपटे केस भरदार कसे दाखवू? नकली बटा नकोत

मालवणी_क्लिक: तारकर्लीच्या किनाऱ्यावर नवरीचे फोटो काढले, दमट हवेने केस पार डोक्याला चिकटलेत. उद्या संध्याकाळी द्यायचेत. ब्रशने बटा काढून बघितल्या तर विग घातल्यासारखं दिसतंय. पटकन सांगा कोणीतरी.

देवगड_हापूस: कशात करतोस? केस मोकळे की अंबाडा? मागे काय आहे?

मालवणी_क्लिक: फोटोशॉप. मोकळे, एका बाजूला गजरा. मागे समुद्र, किनाऱ्यावर म्हटलं ना!

बंड्या_फोटोवाला: लिक्विफायमधलं ब्लोट घे, टाळूवर दोन क्लिक, झालं काम. मी कायम तेच करतो.

काकू_रत्नागिरी: माझ्या सुनेचे पण अस्सेच चिकटतात हो. जास्वंदीचं तेल लावून बघा.

देवगड_हापूस: काकू, फोटोतल्या केसांक तेल खंय लावतलो तो? 😂

संध्या_रिटच: ब्लोटने फुगा होतो बंड्या, मधले केस दोरीएवढे जाड दिसतात. लिक्विफाय बरोबर आहे पण फॉरवर्ड वार्प वापर. आधी Ctrl+J करून वरच्या कॉपीवर. ब्रश मोठा, निदान अर्ध्या डोक्याएवढा, प्रेशर २० च्या आसपास, कारण लहान ब्रशने कडेला टेंगळं येतात. चेहरा आणि गजरा फ्रीज कर, नाहीतर फुलं लांबोडकी होतील. मग केसांच्या आतून, मुळांपासून वर ढकल, टाळूवर आणि कानाच्या वर, टोकं फुगवू नको. क्षितिजाची रेघ वाकणारच, म्हणून त्या लेयरला मास्क लाव आणि केसांबाहेरच्या समुद्रावर मऊ काळा ब्रश फिरव, खालची सरळ रेघ परत दिसते.

पण एवढ्याने नुसती बाहेरची रेघ बदलते, आत केस सपाटच राहतात, आणि तिथेच सगळे थांबतात. दोन कर्व्हज लेयर घे, एक उजळ एक गडद, दोघांचे मास्क काळे कर. पांढऱ्या ब्रशने, फ्लो ५ टक्के, ज्या बटा आधीच चमकतायत त्या थोड्या उजळ, त्यांच्यामधल्या फटी आणि मुळं गडद. भांगातली पांढरी कातडी दिसत असेल तर तीही जराशी गडद कर, अर्धं काम तिथेच होतं. नवीन बट एकही काढायची नाही. मध्ये मध्ये फोटो आडवा उलटून बघ, जास्त झालं असेल तर लगेच कळतं.

बंड्या_फोटोवाला: एवढं कोण करत बसणार, लग्नात शंभर फोटो असतात.

संध्या_रिटच: शंभर नाही रे, अल्बमच्या कव्हरचा एक.

मालवणी_क्लिक: केलं, भांगाने खरंच फरक पडला! पण क्षितिजाची रेघ जिथे कानामागून जाते तिथे उडते केस आहेत, मास्क केला की ते अर्धे कापले जातात.

संध्या_रिटच: तिथे ढकलूच नको, रेघेच्या वरच थांब.

मालवणी_क्लिक: मग वर भरदार आणि खाली चपटं दिसतंय...

देवगड_हापूस: गजरा खाली सरकव 😄