भावाने सगळी जमीन परस्पर विकली, खरेदीखत रद्द कसं करायचं?

वैतागलेला_धाकटा: दादाने आमची शेती परस्पर विकली. आमची कुणाचीच सही नाही. खरेदीखत रद्द कसं करतात? उद्याच वकिलाकडे जातोय, लवकर सांगा.

बांधावरचा: जमीन वडिलांनी घेतलेली की आजोबांची? सातबाऱ्यावर नावं कोणाची?

वैतागलेला_धाकटा: वडिलांनी स्वतः घेतलेली. ते वारले, मृत्युपत्र नाही. आई, दादा, ताई, मी. सातबाऱ्यावर फक्त दादा, पुढे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय. ते काय असतं?

रोखठोक: सही नाही म्हणजे खत कचरा. सरळ पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्या.

स्मिता_क: आमच्या मामांनी फ्लॅट एकालाच बक्षीस दिला तेव्हा आम्ही सोसायटीला पत्र दिलं होतं. तुम्हीही द्या.

बांधावरचा: स्मिताताई, इथे सोसायटी कुठे आली? शेती आहे.

रोखठोक, खत पूर्ण कचरा नाही. दादाचा स्वतःचा चौथा हिस्सा त्यातून गेला, तुमचे तिघांचे तीन चतुर्थांश गेले नाहीत. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. घेणारा म्हणेल, मॅनेजरने कुटुंबाच्या गरजेसाठी विकली. आजोबांची जमीन असती तर हा मुद्दा लढवावा लागला असता. पण हिंदू वडिलांची स्वकष्टार्जित जमीन १९५६ च्या वारसा कायद्याने प्रत्येकाला वेगळ्या हिश्श्याने येते, तिथे मॅनेजरला इतरांचे हिस्से विकता येत नाहीत. वडिलांचं खरेदीखत शोधा, सगळं त्यावर आहे.

आणि 'रद्द करा' असा दावा लावू नका. खतावर तुमची सही नाही, तेव्हा 'ते आमच्या हिश्श्यांवर बंधनकारक नाही' असं जाहीर करून मागा. सोबत वाटप आणि मनाई हुकूम. दावा दाखल झाला की 'लिस पेंडन्स'ची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ती नोंदवली नाही तर दाव्यादरम्यान पुढे घेणारा तिसरा माणूस दाव्याच्या निकालाने बांधला जात नाही.

रोखठोक: म्हणजे पोलीस नकोच?

बांधावरचा: 'मी एकटाच वारस' असं खोटं लिहून दिलं असेल तर तक्रार देता येईल. पण हिस्से दिवाणी कोर्टच ठरवणार. आधी फेरफार पाहा. नोटीस आली का?

वैतागलेला_धाकटा: आईला तलाठ्याचा कागद आलाय. तिने तो देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिला होता. तारीख ९ दिवसांपूर्वीची.

बांधावरचा: मग वकिलाआधी तलाठ्याकडे जा. नोटिशीपासून १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. प्रकरण मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणीला जाईल. मात्र फेरफाराने मालकी ठरत नाही, त्यामुळे दावा लावावाच लागेल.

रोखठोक: माझ्या चुलत्याचं असंच ११ वर्षं चालू आहे. समजुतीने पैसे घ्या आणि सोडा.

वैतागलेला_धाकटा: ताईला फोन केला. ती म्हणते, वडील गेल्यावर दादाने वारसनोंदीसाठी म्हणून तिच्या सह्या घेतल्या होत्या. फोटो पण काढला होता.

बांधावरचा: कुठे? निबंधकाच्या कार्यालयात? अंगठ्याचे ठसे घेतले होते? ते नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर ताईच्या हिश्श्याचं गणितच बदलतं. कागदाची प्रत काढा आधी.