मदत हवी आहे : तांब्याच्या द्रावणात अमोनिया वाढवत नेला की शोषणाचे शिखर परत मागे का येते?

विश्वामित्रीकाठ

नमस्कार. मी बडोद्यात बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांची रसायनशास्त्राची शिकवणी घेते. एका ओळखीच्या प्रयोगशाळेत आम्ही कॉपर सल्फेटच्या ०.०२ मोलर द्रावणाचा वर्णपट घेतला. त्याचे शोषणशिखर ८०० नॅनोमीटरच्या आसपास आले, पण ते एकसारखे नव्हते, एका बाजूला पसरट होते. अमोनिया घातल्यावर आधी निळसर साका आला, तो विरघळला, द्रावण गडद निळे झाले आणि शिखर सरकून ६०५ वर आले. इथपर्यंत सारे अपेक्षेप्रमाणे होते. मात्र एका विद्यार्थ्याने तांब्याचे प्रमाण तेवढेच ठेवून जवळजवळ संपूर्ण द्रावण तीव्र अमोनियातच बनवले, तेव्हा शिखर ६४० वर परत गेले. अमोनिया पाण्यापेक्षा प्रबळ लिगँड असेल, तर अमोनिया वाढवल्यावर शिखर आणखी निळ्याकडे, म्हणजे कमी तरंगलांबीकडे जायला हवे होते, असे मला वाटते. त्याच विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न असा की सहाही लिगँड सारखेच असले तरी तांबे त्यांतल्या दोघांनाच दूर का ठेवते? दोन्ही प्रश्नांचे नाते आहे असे जाणवते, पण ते मला नीट मांडता येत नाही.

सराफा_इंदूर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. चार अमोनिया प्रबळ असल्यामुळे जवळ बसतात आणि उरलेली दोन पाणी दुर्बळ असल्यामुळे दूर राहतात. लिगँड वेगवेगळे असल्यामुळेच आकार बिघडतो.

रावपुरा_निवृत्त

सराफा, तुमचे म्हणणे अमोनियाच्या संयुगापुरते अर्धे बरोबर आहे, कारण कोणते लिगँड जवळ बसतील हे त्यांच्या प्रबळतेवरून ठरते. परंतु आकार बिघडण्याचे मूळ कारण ते नव्हे. सहाही जागी पाणीच असलेल्या कॉपर आयनातसुद्धा चार बंध सुमारे १.९६ अँगस्ट्रॉमचे असतात आणि दोन त्याहून बरेच लांब असतात.

तांब्याच्या d कक्षकांत नऊ इलेक्ट्रॉन आहेत. सहा लिगँड समान अंतरावर ठेवले, तर वरच्या पातळीवर सारख्याच ऊर्जेचे दोन कक्षक येतात. त्यांपैकी dz² वरच्या-खालच्या दोन लिगँडांकडे रोखलेला असतो आणि dx²−y² मधल्या प्रतलातील चौघांकडे. या दोन कक्षकांत मिळून तीन इलेक्ट्रॉन बसवायचे आहेत, म्हणजे एकात जोडी आणि दुसऱ्यात एकटा. जोडी dz² मध्ये ठेवली, तर वरच्या-खालच्या लिगँडांना जास्त प्रतिकर्षण सोसावे लागते आणि ते मागे सरकतात. ते सरकले की dz² आणखी खाली येतो आणि dx²−y² वर जातो. आता जमाखर्च पाहा. या दोघांतील अंतर δ मानले, तर दोन इलेक्ट्रॉन अर्ध्या δ ने खाली येतात आणि एक तेवढाच वर जातो, म्हणून निव्वळ लाभ अर्ध्या δ चा होतो. बंध ताणण्याचा खर्च या लाभाला गाठतो, तेथे ताणणे थांबते. निकेलच्या आयनात या दोन कक्षकांत एकेक इलेक्ट्रॉन असतो, एक खाली गेला तर दुसरा वर जातो आणि लाभ शून्य होतो; म्हणून सहा पाण्यांचा निकेल आयन जवळजवळ नियमित अष्टफलक राहतो. विद्यार्थ्यांना हे दोन आयन शेजारी ठेवून दाखवावेत, असे मी सुचवीन. हरमान जान आणि एडवर्ड टेलर यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या प्रमेयाचा हाच आशय आहे.

विश्वामित्रीकाठ

आभारी आहे. पण मग वरचे-खालचे लिगँड ताणले जाण्याऐवजी आत दाबले गेले, जोडी dx²−y² मध्ये बसली आणि एकटा dz² मध्ये राहिला, तरी हा हिशेब तेवढाच लाभ दाखवतो. ताणणेच का घडते?

रावपुरा_निवृत्त

प्रश्न योग्य आहे, आणि वरच्या जमाखर्चात त्याचे उत्तर नाही. बंध जितका दाबायला कठीण असतो, तितका तेवढ्याच अंतराने ताणायला कठीण नसतो. शिवाय लिगँड दूर गेल्यावर तांब्याचा रिकामा ४s कक्षक dz² मध्ये मिसळतो आणि त्याला आणखी खाली ओढतो. या दोन्हींमुळे पारडे ताणण्याकडे झुकते. दाबलेले म्हणून सांगितलेले काही स्फटिक पुढे नीट तपासल्यावर वेगवेगळ्या दिशांना ताणलेले निघाले; K2CuF4 हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण.

निमाड_शेतकरी

मोरचूद तव्यावर तापवले की पांढरे पडते, हे मी स्वतः पाहिले आहे. पाणी उडून गेले म्हणजे विकृती गेली आणि म्हणून रंग गेला, असे समजायचे का?

रावपुरा_निवृत्त

नाही. तापवल्यावर तांबे तेच, नऊ d इलेक्ट्रॉनांचेच राहते, आणि त्याच्या भोवतालची विकृतीही नाहीशी होत नाही. मोरचुदाच्या निळ्या स्फटिकात तांब्याभोवती चार पाणी जवळ असतात आणि दोन सल्फेटांचे ऑक्सिजन सुमारे २.४ अँगस्ट्रॉमवर असतात. पाचवे पाणी तांब्याला जोडलेले नसते, ते हायड्रोजन बंधांनी अडकलेले असते. पाणी गेल्यावर केवळ सल्फेटांचे दुर्बळ ऑक्सिजन उरतात, शोषण अवरक्ताकडे सरकते आणि दृश्य प्रकाशातून फारसे काही वजा होत नाही. उलट बाजूने पाहिले, तर नियमित अष्टफलक असता तरी रंग असताच, कारण एक संक्रमण तरीही शिल्लक राहिले असते. विकृतीमुळे त्या एकाची तीन होतात : भरलेल्या चारही कक्षकांतून इलेक्ट्रॉन dx²−y² मधील एकमेव रिकाम्या जागेत जाऊ शकतो, आणि त्यांपैकी दोन कक्षकांची ऊर्जा सारखीच असते. ही तीन शोषणे एकमेकांवर चढलेली असल्यामुळेच ताईंना पसरट, एका बाजूला झुकलेले शिखर दिसले.

आता मूळ प्रश्न. अमोनियाचे पहिले चार रेणू मधल्या प्रतलात बसतात, dx²−y² ला वर ढकलतात, आणि शिखर ८०० वरून ६०० कडे येते. पाचव्या रेणूला लांबची, अक्षावरचीच जागा उरते. तो तेथे आला की dz² वर चढतो, तांबे प्रतलातून किंचित त्याच्याकडे उचलले जाते, प्रतलातील बंध सैल होतात आणि dx²−y² खाली येतो. वरचा कक्षक खाली आणि खालचा वर आला, म्हणजे अंतर घटले. म्हणून शिखर तांबड्याकडे मागे येते, अमोनिया दुर्बळ झाला म्हणून नव्हे. हा पाचवा रेणू फार सैल बसतो. चौथ्याचा स्थिरांक शंभराच्या घरात आहे, तर पाचव्याचा सुमारे ०.३. म्हणून मोकळा अमोनिया ०.३ मोलर असताना पाच रेणूंचे संयुग चार रेणूंच्या संयुगाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढे असते, आणि १० मोलर असताना त्याच्या तिप्पट होते. तुमच्या विद्यार्थ्याने नेमके हेच पाहिले.

विश्वामित्रीकाठ

हे पटले. तरी शंका अशी की तीव्र अमोनियात संयुगच बिघडले असण्याची शक्यता कशी नाकारायची?

रावपुरा_निवृत्त

तांबे ०.०१ मोलर कायम ठेवून पाच फ्लास्क करा आणि अमोनिया ०.३ पासून १० मोलरपर्यंत वाढवत न्या. शिखर पायरीपायरीने सरकले, तर तो समतोल आहे. क्युव्हेट झाकून ठेवा. अमोनिया उडून गेला तर वाचन खोटे येते. साधा कलरिमीटर मात्र येथे उपयोगी नाही, कारण ८०० च्या शिखराजवळ तो पोहोचतच नाही.

प्रयोगशाळा_ग्वाल्हेर

एक हरकत नोंदवतो. पाण्यातील कॉपर आयन सहा पाण्यांचाच आहे, हे आपण गृहीत धरून बोलत आहोत. २००१ मध्ये न्यूट्रॉन विवर्तन आणि संगणकीय अनुकरण यांवरून पाचच पाणी असल्याचा दावा झाला होता आणि तो वाद पूर्ण मिटलेला नाही. तांब्यावरचे पाणी सेकंदाला अब्जावधी वेळा बदलते, त्यामुळे लांबचे दोन रेणू जागेवर आहेत की नाहीत हे ठरवणेच कठीण जाते.

रावपुरा_निवृत्त

मान्य आहे. द्रावणातील १.९६ या लांबीबद्दल मी जितका ठाम आहे, तितका अक्षावरील दोन रेणूंच्या संख्येबद्दल नाही. स्फटिकातील सल्फेटांविषयी मात्र शंका नाही.

विश्वामित्रीकाठ

पाच फ्लास्कांचा प्रयोग येत्या शनिवारी करतो आहोत. शिखरांची मोजमापे येथेच लिहीन.