हप्ता कपातीचा मेसेज दोनदा गेला : आधी ‘पाठवला’ लिहायचं की आधी पाठवायचा?

विश्रामबागकर : सांगलीतल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बघतो. रोज सकाळी ७ ला क्रॉन लागतो आणि हप्ता कपातीचे मेसेज जातात. परवा मधेच लाईट गेली, मी जॉब परत लावला आणि १३७ सभासदांना तोच मेसेज दोनदा. काउंटरवर ही गर्दी, पैसे दोनदा कापले म्हणून. मॅनेजर म्हणतात आधी टेबलात `sent` लिही मग पाठव, एखादा नाही गेला तरी चालेल. करू का असं?

मिरज_जंक्शन : १३७ आकड्यावरनंच वाटतंय की तुमचा लूप बॅच पाठवतो आणि अपडेट बॅच संपल्यावर एकदाच करतो. किती ची बॅच आहे?

विश्रामबागकर : २०० ची. व्हय, शेवटी एकच अपडेट.

मिरज_जंक्शन : मग झालं. १३७ गेले, टेबलात सगळे २०० अजून `pending`, परत लावल्यावर पहिल्यापासून सुरू. दर मेसेजनंतर कमिट केलं असतं तर तीच लाईट त्याच क्षणाला गेली तरी फार तर एकाच माणसाला डबल गेला असता. आता मॅनेजरसाहेबांच्या पद्धतीनं त्याच दिवशी काय झालं असतं ते बघा. २०० जण आधीच `sent`, गेले १३७, म्हणजे ६३ जणांना काहीच नाही, आणि काउंटरवर एक पण माणूस आला नसता. डबल गेलेला मेसेज बोंब मारतो, न गेलेला गप्प बसतो, त्यामुळं दुसरी पद्धत शांत आहे म्हणून बरी वाटती एवढंच.

कोडवाला_सातारा : एवढं कशाला डोकं लावायचं, पाठवणं आणि अपडेट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका, मधे काही झालं तर रोलबॅक. ना डबल ना गायब.

मिरज_जंक्शन : दादा रोलबॅक तुमच्या डेटाबेसचा होतो, गेटवेला गेलेला मेसेज माघारी येत नाही. उलट रोलबॅक झाला की ओळ परत `pending` आणि पुढच्या फेरीला हमखास डबल. यांचं आत्ता झालंय ते वेगळं काय आहे?

कोडवाला_सातारा : बरं ते खरं. पण पैसे जमा-खर्ची टाकताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये मेसेजची `pending` ओळ टाकायची, एवढं तरी माझं धरा. नाहीतर कपात झाली आणि मेसेजची ओळच नाही असं होतं.

मिरज_जंक्शन : ते शंभर टक्के धरलं.

पाणीपाळी_तासगाव : आमच्या उपसा योजनेचे पाळीचे मेसेज मी बघते. “रात्री ११ ला तुमची पाळी” हा मेसेज तीनदा गेला तर लोक हसतात, पण नाही गेला तर माणूस झोपून राहतो, पाणी पुढच्याच्या रानात जातं आणि ऊस वाळतो पुढच्या पाळीपर्यंत. त्यामुळं आधी पाठवायचं, मग लिहायचं, शंका आली तर परत पाठवायचं. मॅनेजरला सांगा गप्प बसा.

वखारभाग : ताई तुमचं पाण्याचं ठीक आहे, पैशाचं वेगळं असतं. मी वसुलीचं काम केलंय. थकबाकीचा मेसेज जामीनदाराला एका सकाळी दोनदा गेला आणि तो जावई निघाला, घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. असल्या मेसेजला आधी `sent` लिहायचं आणि गेला नाही तर नाही, माणूस परवा फोन करतोच. दिवाळीच्या शुभेच्छांचं पण तेच, न गेल्यानं कुणाचं काय अडतंय. मॅनेजर अगदीच चुकलेला नाही.

कुपवाडचे_काका : मला पण दूध संघाचा मेसेज रोज दोनदा येतो, बंद कुठं करायचा?

कोडवाला_सातारा : काका १९०९ वर जाहिराती बंद होतात, दुधाच्या हिशोबाचा नाही. डेअरीत सांगा, तुमचा नंबर दोन खात्यांना लावला असेल.

मिरज_जंक्शन : वखारभाग, जामीनदाराचं पटलं, तो मेसेज तसाच ठेवावा. पण कपातीचा त्यात बसत नाही. समजा कपात चुकून झाली किंवा दुसऱ्यानंच पैसे काढले, तर सभासदाला कळायचा रस्ता हा एकच मेसेज आहे. तो जायलाच पाहिजे, डबल गेला तर चालवून घ्यायचं, आणि मजकूर असा करायचा की डबल वाचून पोटात गोळा येऊ नये. “२,३५० कपात” एवढंच लिहिलं तर दोन मेसेज म्हणजे दोन कपाती. “हप्ता क्र. १४, ता. ५, कपात २,३५०, पावती ८८१२, कपातीनंतर शिल्लक ६,४१०” लिहिलं तर दोन्हीत पावती तीच, शिल्लक तीच.

वखारभाग : पावती नंबर कोण बघतंय हो. आमची माणसं २,३५० बघतात आणि चप्पल घालून निघतात.

मिरज_जंक्शन : निघतात तर निघू देत, काउंटरवर शिल्लक दाखवली की परत जातात. ६३ जणांना काय दाखवणार, त्यांना तर माहितीच नाही.

हरिपूर_घाट : उशिराचं कुणी बोललंच नाही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्यानंतर आमच्या गल्लीसाठी मी पातळीचे मेसेज पाठवायची सोय केली, पुलावर ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. एका पावसाळ्यात नेट गेलं, रांगेत मेसेज साठले, “पोहोचलाच पाहिजे” म्हणून मी परत परत पाठवायची सेटिंग ठेवलेली. नेट आल्यावर आधी ४३ गेला आणि मग अडकलेला जुना ४० चा. लोक म्हणाले उतरलं पाणी, वर नेलेलं सामान खाली आणलं दोन घरांनी. तेव्हापासनं मजकुरात मोजल्याची वेळ टाकतो आणि तासाभरापेक्षा जुना मेसेज पाठवतच नाही, फेकून देतो.

पाणीपाळी_तासगाव : अरे देवा, हे आमच्याकडं पण होईल की. ११ ची पाळी आणि मेसेज पहाटे २ ला. बघते आजच.

मिरज_जंक्शन : हरिपूरकर, हे लई कामाचं. ओटीपीचं पण असंच, आपणहून परत पाठवायचाच नाही, माणूस स्वतः दाबतो परत, नाहीतर जुना-नवा दोन्ही येतात आणि तो जुना टाकत बसतो. म्हणजे जॉबला एकच नियम नको, टेबलात मेसेजच्या प्रकारासमोर परत पाठवायचा का आणि किती वेळापर्यंत, हे लिहून ठेवा. आणि विश्रामबागकर, पाठवण्याआधी ओळ ताब्यात घ्या :

```
UPDATE msg SET status='sending', started_at=now()
WHERE id=1187 AND status='pending';
```

एक ओळ बदलली तरच पाठवायचं, शून्य आली तर दुसऱ्या जॉबनं घेतलीय. हाताने जॉब लावताना क्रॉनवाला पण चालू असतो, तेव्हा हे वाचवतं. उत्तर आलं की `sent`.

विश्रामबागकर : आणि उत्तरच नाही आलं तर? आमचा टाइमआउट १० सेकंद आहे, कधीकधी गेटवेनं मेसेज घेतलेला असतो आणि आमच्याकडं एरर.

मिरज_जंक्शन : खरी गोम तिथंच आहे, आणि ती तुमच्या बाजूनं सुटत नाही. ओळ `sending` मध्येच ठेवायची, एररला “गेला नाही” समजायचं नाही. गेटवेला आपला 1187 नंबर सोबत द्यायचा, तो नंबर परत आला तर दुसरा मेसेज न पाठवणारा गेटवे असेल तर बिनधास्त परत मारा. नसेल तर निदान त्या नंबरवर डिलिव्हरी रिपोर्ट विचारता येतो का बघा. तेही नसेल तर प्रकारावर सोडायचं, कपातीचा १५ मिनिटांनी परत पाठवा, जामीनदाराचा सोडून द्या.

वखारभाग : मी तर म्हणतो अडकलेल्या ओळी क्लार्कला दाखवा, तो ठरवेल. मशीनवर सोडू नका.

मिरज_जंक्शन : दिवसाला चार असतील तर क्लार्क बघेल. गेटवे एक तास पडला तर चारशे अडकतात, तेव्हा तो सगळे सिलेक्ट करून पाठवा दाबणार, मग मशीननं काय वाईट केलं होतं?

वखारभाग : क्लार्कवर पण विश्वास नाही तुमचा, राहू दे.

विश्रामबागकर : दर मेसेजनंतर कमिट केलं आणि मजकूर बदलायला टाकलाय, पण टेम्प्लेट मंजूर होईपर्यंत जुनाच जाणार. जामीनदाराचा आधी `sent` वर ठेवला, मॅनेजर खूश. गेटवेवाल्याला फोन केला की तोच नंबर परत आला तर काय करता, तो म्हणाला “मेलवर कळवतो”. आज सकाळच्या फेरीत ४ ओळी `sending` मध्ये अडकल्यात, चारी कपातीच्या. डिलिव्हरी रिपोर्ट अजून आला नाही, १५ मिनिटं होत आलीत.