देवबंद कुठल्या रकान्यात बसवायचं?

प्रज्ञा (एम.ए., कलिना): शिक्षणाच्या इतिहासाच्या पेपरात मदरशांवर टीप आहे. आमच्या नोट्समध्ये देवबंदचा मदरसा आणि अलीगढची शिक्षणसंस्था यांबद्दल 'देवबंद – परंपरावादी, अलीगढ – आधुनिक' एवढंच दिलंय. तसंच लिहू का?

सलीम, भेंडीबाजार: लिहू नका. आधी अभ्यासक्रम बघा. लखनौच्या फरंगी महल या विद्वान घराण्याच्या वाड्यात मुल्ला निजामुद्दीन यांनी (मृत्यू 1748) जो दर्स-ए-निजामी हा मदरशांचा अभ्यासक्रम बसवला, त्यात व्याकरण, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि फिक्ह म्हणजे इस्लामी कायदा यांवर भर होता. हदीससाठी, म्हणजे पैगंबरांच्या वचनांसाठी, 'मिश्कात' हा एक संग्रह पुरेसा मानत. काझी, मुफ्ती, दरबारी अधिकारी घडवायचे, तर अवघड मजकूर फोडून वाचता यायला हवा, हा त्यामागचा हिशेब. पुढे 1837 साली फारसी सरकारी कामकाजातून गेली, 1864 साली न्यायालयांतली काझी-मुफ्तींची पदंही रद्द झाली. ज्या नोकऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम होता, त्याच उरल्या नाहीत.

देवबंद सुरू झालं 1866 साली. तिथे हदीसचे सहाही प्रमुख संग्रह आले, तत्त्वज्ञानाचं वजन कमी झालं. म्हणजे 'जुनं जसंच्या तसं जपलं' हे चूक. आता विद्यार्थ्याला दरबारात नाही, मोहल्ल्यात काम करायचं होतं.

विनायक, दादर: सलीमभाई, तर्कशास्त्र कमी करून हदीस वाढवणं ही सुधारणा कशी? उलट मागे जाणंच झालं की! इंग्रजी नाही, गणित-विज्ञान जेमतेम. अलीगढला 1875 पासून हे सगळं शिकवत होते.

सलीम, भेंडीबाजार: विषयांपुरतं तुमचं खरं. पण शाळा चालवायची पद्धत पाहा. फरंगी महलात शिक्षण घराण्याभोवती फिरायचं. उस्तादाकडे एकेक किताब पुरी करायची. देवबंदला पगारी शिक्षक, ठरलेला अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा आणि लोकांकडून जमवलेली वर्गणी. नवाबाची कायमची जहागीर नको, असं संस्थापकांनी तत्त्व म्हणून लिहूनच ठेवलं. हा साचा मिशनरी आणि सरकारी शाळांच्या जवळचा आहे.

संदीप, ठाणे: आमच्याकडच्या मदरशात आता गणित, मराठी शिकवतात, सरकारी योजनेतून. तेच लिहा की, सोपं आहे.

विनायक, दादर: अहो संदीप, प्रश्न एकोणिसाव्या शतकाचा आहे. आणि सलीमभाई, वर्गणी नि परीक्षा आल्या म्हणून संस्था आधुनिक ठरत असेल, तर कोचिंग क्लासही आधुनिकच!

सलीम, भेंडीबाजार: म्हणून तर एकच शिक्का नको म्हणतोय. प्रज्ञा, टिपेत कारभार वेगळा तपासा, अभ्यासक्रम वेगळा. आणि 1894 सालची नदवा ही उलेमांची चळवळ सोडू नका. दर्स-ए-निजामी बदलायचा हे तिचं उघड उद्दिष्ट होतं.

प्रज्ञा: मग नदवा 'सुधारणा'त जाईल ना?

विनायक, दादर: उद्दिष्टाने जाईल. प्रत्यक्षात किती बदललं, यावर माझे गुण मी राखून ठेवीन.