'लोट गं केर, पण कोपऱ्यात राहू दे' : या गाण्यातल्या शब्दांचे अर्थ हवे आहेत

मधुमालती
आमचं मंडळ दिवाळीच्या कार्यक्रमात एक गाणं म्हणणार आहे. मंडळातल्याच एका काकूंनी ते रचलं होतं. काकू आता नाहीत, त्यांची वही तेवढी आहे. सणाच्या आदल्या रात्रीचं गाणं आहे, एवढं नक्की. ओळी अशा :

लोट गं केर, पण कोपऱ्यात राहू दे,
उद्याचा उजेड त्याला आधी गं पाहू दे.
दिवेलागण झाली, सडा वाळला दाराला,
अकराची ओळ पोटी, सहाची गं काठाला.
भिजल्या पणत्या उपड्या ओळीनं निजल्या,
वातींच्या जोड्या त्यांच्या उशाशी मांडल्या.
तेल नको घालू, नको काडी गं पेटवू,
उद्याची पहाट आज नको गं उठवू.

केर लोटायचा तर तो कोपऱ्यात का ठेवायचा? अकरा आणि सहा कशाचे? आणि पणत्या कशानं भिजल्या, पावसानं का? चाल लावणारी मुलगी प्रत्येक ओळीचा अर्थ विचारते आहे, आणि तिचं बरोबरच आहे.

सोनचाफा
लोटणे म्हणजे ढकलणे. दार लोटतो तसंच. म्हणजे केर घराबाहेर ढकल आणि अंगणाच्या कोपऱ्यात राहू दे. अकरा-सहा ही वेळ असणार. रात्री अकराला बसल्या आणि सकाळी सहाला उठल्या, म्हणून 'ओळ'. रात्रीचंच गाणं आहे ना!

पागोळी
सोनचाफा, मूळ अर्थ ढकलणे हा बरोबर आहे, पण केराबरोबर 'लोटणे' आलं की ते फक्त झाडणं होतं. 'झाडलोट' या जोडशब्दातही तेच दोन भाग आहेत. केराची कामं तीन आहेत : केर लोटायचा, मग तो सुपलीत भरायचा, मग बाहेर नेऊन टाकायचा. 'केर काढणे' म्हटलं की तिन्ही एकदम येतात. काकूंनी 'काढ' म्हटलेलं नाही, 'लोट' म्हटलंय, आणि सगळी ओळ त्यावर उभी आहे.

दिवेलागणीनंतर केर काढू नये, घरातली लक्ष्मी जाते, असं जुनी माणसं सांगत. पण सणाच्या आदल्या दिवशी माळ्यावरची जळमटं काढता काढता संध्याकाळ उलटतेच. मग तोड अशी, की झाडायचं, पण केर बाहेर टाकायचा नाही. घरातच एका कोपऱ्यात गोळा करून ठेवायचा आणि उजाडल्यावर भरून टाकायचा. 'उद्याचा उजेड त्याला आधी पाहू दे' म्हणजे हेच. इथला 'त्याला' केराला उद्देशून आहे. म्हणून कोपरा घरातलाच, अंगणातला नव्हे.

अबोली
केराचं आमच्याकडेही अगदी असंच होतं. आई तर त्या ढिगावर केरसुणी आडवी ठेवायची.

अकरा-सहा हे रांगोळीचे ठिपके आहेत. 'अकरा ते सहा' म्हणजे मधली ओळ अकरा ठिपक्यांची, तिच्या वर आणि खाली दहा, नऊ, आठ, सात अशा एकेकानं कमी होत शेवटची ओळ सहाची. 'पोटी' म्हणजे मधे, 'काठाला' म्हणजे कडेला. वरचे ठिपके खालच्यांच्या मधल्या फटीत येतात, म्हणून सहा बाजूंची आकृती होते. ठिपके मोजले तर मधले ११ आणि दोन्हीकडे ४०-४०, एकूण ९१. कागदावर एकदा काढून त्या मुलीला दाखवा. मधली ओळ आधी घालतात आणि काठाची शेवटी. गाण्यातही अकरा आधी आणि सहा नंतर आलेत, त्यामुळे सूर मधून कडेला सरकला तर ओळ डोळ्यांपुढे उभी राहील.

देवडी
माझा प्रश्न थोडा निराळा आहे. मी दर वर्षी गेरू लावून त्यावर रांगोळी काढते आणि रेघा पसरून जाड होतात. पिठीत खोट असावी असं वाटतं. 'सडा वाळला' म्हणजे सडा अगदी कोरडा करायचा का?

अबोली
देवडीताई, पिठीची खोट नसावी, जमीन ओली राहत असेल. ओलीवर टाकली की रांगोळी पाणी ओढते, करडी दिसते आणि रेघ फुगते. गेरूचा रंग एकसारखा फिकट होईपर्यंत थांबा आणि तळहात टेकवून बघा. गार लागला तर आत अजून ओल आहे. सड्याचंही तेच. म्हणून काकूंनी 'सडा घातला' न म्हणता 'वाळला' म्हटलंय. ठिपक्यांची वेळ झाली, एवढं त्या एका शब्दात येतं.

सोनचाफा
ठिपक्यांचं पटलं. पण मग पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वेळच वाटणार नाही का? दोन्ही अर्थ ठेवावेत असं काकूंच्या मनात असेल तर?

पागोळी
'पोटी' आणि 'काठाला' वेळेला लागत नाहीत. वेळ सांगायला त्याच ओळीच्या आधी 'दिवेलागण झाली' आहेच. तो शब्दही जपून म्हणा. हल्ली दिव्यांच्या सजावटीला दिवेलागण म्हणतात, पण ती दिवे लावायची वेळ, तिन्हीसांज.

पणत्यांवर पाऊस पडलेला नाही. नव्या मातीच्या पणत्या काही तास पाण्यात बुडवून ठेवतात, मग उपड्या घालून निथळतात. कोरडी पणती पहिलं तेल स्वतःच पिते आणि मग दिवा लवकर जातो. बुडवल्यावर बुडबुडे येतात. ते थांबले की माती पाणी प्यायली असं समजायचं. 'उपड्या निजल्या' हे म्हणूनच. मला या गाण्यातला सगळ्यात देखणा शब्द हाच वाटतो. वातींच्या जोड्या म्हणजे जोडवाती. तेलाच्या दिव्यात एकटी वात लावत नाहीत, दोन लांब वाती एकत्र ठेवतात. इथे फुलवात डोळ्यांपुढे आणू नका, ती तुपाच्या निरांजनातली.

मधुमालती
खूपच उलगडलं. आता शेवटचं. ही रात्र नेमकी कोणती? निवेदनात सांगायची आहे.

अबोली
पहाट म्हटलंय, म्हणजे अभ्यंगस्नानाची पहाट. नरक चतुर्दशीची आदली रात्र.

पागोळी
मला शंका आहे. चतुर्दशीची आदली रात्र बहुधा धनत्रयोदशीची असते, आणि त्या संध्याकाळी यमदीप लावतात. मग 'तेल नको घालू, नको काडी पेटवू' कसं जमणार? वसुबारसेच्या आदली धरली तर दिवे अजून लागलेले नाहीत हे जमतं, पण वसुबारसेची पूजा संध्याकाळी असते, पहाटेला मोल राहत नाही. लक्ष्मीपूजनाची रात्र मात्र नक्की नव्हे. त्या मध्यरात्री अलक्ष्मीला घालवायला सूप वाजवत मुद्दाम केर काढायची रीत आहे. तिथे केर कोपऱ्यात ठेवणं उलटच होईल.

अबोली
यमदीप दाराबाहेर एकटा असतो. या उपड्या पणत्या दुसऱ्या दिवसाच्या, त्यांनाच तेल नको म्हटलंय. मी चतुर्दशीवरच आहे.

देवडी
रात्र कोणतीही धरा, 'पूर्वसंध्या' तेवढं म्हणू नका. वर्तमानपत्रात ठीक आहे, पण गाण्यात दिवेलागण होऊन गेली आहे, संध्या उरलेली नाही. 'आदली रात्र' म्हणा.

मधुमालती
'सणाची आदली रात्र' एवढंच सांगते, दिवसाचं नाव घेत नाही. काकूंच्या सूनबाईंना वही परत करायला जायचंय, तेव्हा त्यांच्या घरी कुठल्या दिवशी पणत्या भिजत घालतात ते विचारते आणि इथे लिहिते. 'केर लोट'वर मात्र आता किंचित थांबणार, म्हणजे 'पण' ऐकू येईल.