-6 नंबर आणि 54 ची फ्रेम: काचा किती जाड होतील? (शिवाय घड्याळाच्या पट्ट्याचा एक प्रश्न)

कोथरूडकर: दोन्ही डोळ्यांना -6, सिलिंडर नाही, पीडी म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर 62. लक्ष्मी रोडवर एक फ्रेम आवडलीय, बारीक धातूची. दांडीच्या आतल्या बाजूला 54□18-140 लिहिलंय. दुकानदार म्हणतो 1.74 ची काच घ्या, जाडी दिसणारच नाही. 1.6 पेक्षा ती बरीच महाग पडते. एवढा फरक पडतो का? जाता जाता अजून एक. वडिलांच्या एचएमटी जनताचा पट्टा तुटलाय. 18 मागवू की 20?

रसिका_एस: 1.74 च घ्या. इंडेक्स जितका जास्त तितकी काच पातळ, -6 ला दुसरा विचारच नको.

पेठेतला_काचवाला: इंडेक्सचं बरोबर आहे, पण आधी फ्रेम बघा. 54 ही एका काचेची रुंदी, 18 हे नाकावरचं अंतर. दोन्ही मिळून 72. तुमची पीडी 62, म्हणजे 10 मिमी जास्त. प्रत्येक काचेचा मध्य 5 मिमी नाकाकडे सरकवावा लागेल. 54 चा अर्धा 27, त्यात हे 5 मिळवा. मध्यापासून कानाकडच्या कडेपर्यंत 32 मिमी काच उरते. मायनसची काच मध्यात पातळ असते आणि बाहेर जाताना अंतराच्या वर्गाच्या हिशोबात जाड होत जाते, त्यामुळे हे चार-पाच मिमी फार महागात पडतात.

मध्याची जाडी 1.2 मिमी धरली तर कानाकडची कड 1.6 मध्ये अंदाजे 6.3 मिमी येईल, 1.74 मध्ये साधारण 5.3. आता 48□18 घेऊन बघा. बेरीज 66, सरकवायचं फक्त 2 मिमी, कड 26 मिमीवर. साध्या 1.6 मध्येच ती 4.6 होते. म्हणजे मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेपेक्षा छोट्या फ्रेममधली स्वस्त काच पातळ. दुकानदार हा हिशोब आपणहून क्वचितच सांगतो.

आरशात पटकन बघायचं तर फ्रेम घालून समोर सरळ बघा. बुबुळ काचेच्या आडव्या मध्यावर हवं. ते नाकाकडे झुकलेलं दिसलं, तर तेवढी जाडी बाहेरच्या बाजूला येणार.

मनोज_वाकड: माझा नंबर +2 आहे, मी 56 ची फ्रेम वापरतो, काही त्रास नाही. उगाच घाबरवताय.

पेठेतला_काचवाला: +2 ची काच मध्यात जाड असते, कडेला पातळ. शिवाय नंबर तिप्पट कमी. तो हिशोब इथे लागू नाही.

रसिका_एस: बरं, फ्रेमचं पटलं. पण छोट्या फ्रेममध्ये 1.74 घातली तर सोन्याहून पिवळं ना?

पेठेतला_काचवाला: 48 मध्ये 1.6 वरून 1.74 ला गेलात तर 0.6 मिमीच्या आसपास वाचेल, बस्स. 1.67 आणि 1.74 मध्ये रंग जास्त फाकतात. काचेच्या कडेतून ट्यूबलाइट बघितली की निळी-पिवळी किनार दिसते. काहींना ती जाणवतही नाही, काहींना डोकं दुखेपर्यंत त्रास होतो. आधी सांगता येत नाही. मी 1.6 सुचवेन, पण हे मत झालं.

पीडी मात्र दोन्ही डोळ्यांची वेगळी घ्या. 62 म्हणजे 31-31 च असेल असं नाही, 30 आणि 32 ही असू शकते. -6 ला 2 मिमी चुकलं तरी डोळ्याला 1.2 प्रिझम बसतो, आणि मग 'नवा चष्मा सेट होत नाहीये' म्हणून फेऱ्या सुरू होतात.

मृदुला_तुळशीबाग: बारीक धातूच्या फ्रेममध्ये कड मागे उघडी दिसते. थोडी जाड अ‍ॅसिटेटची रिम घेतली तर बरीचशी झाकली जाते. धातूचीच हवी असेल तर नाकाजवळची कड नोजपॅडच्या तारेला टेकत नाही ना, ते बघून घ्या.

सदाशिव_पेठी: घड्याळाचं बघायचं तर आधी बॅटरी बदलून बघा, बऱ्याचदा तेच असतं.

जुनी_घड्याळं: जनता चावीचं घड्याळ आहे, 17 ज्वेलचं. बॅटरी कुठून येणार? शिवाय तुटलाय तो पट्टा.

कोथरूडकर, जुना पट्टा मोजू नका, चामडं दबून दोन्हीकडून अर्धा मिमी कमी होतं. दोन शिंगांच्या मधलं आतलं अंतर व्हर्नियरने मोजा. जनतात सहसा 18 असतं. 20 चा पट्टा दाबून बसवला तर चामडं दुमडतं, पिनेचं टोक भोकात पूर्ण जात नाही आणि एक दिवस घड्याळ हातातून सुटतं. केस चपटी आहे, म्हणून फुगीर, भरलेला पट्टा नको; दोन मिमीच्या आसपास जाडीचा साधा घ्या. पट्ट्याबरोबर पिनाही नव्याच टाका.

कोथरूडकर: मोजलं, 18 च आहे. चष्म्याचं मात्र अडलंय. आज 48□18 घालून बघितली, तर कानशिलावर दांड्या रुततात. चेहरा रुंद आहे.

पेठेतला_काचवाला: मग 48□20 शोधा. कड 27 मिमीवर जाईल, 1.6 मध्ये 4.8 च्या आसपास. नाक बारीक असेल तर ती घसरेल, तेव्हा नोजपॅडवाली बघा. त्यातही रुतली तर 50□20, पण तिथे कड साडेपाचकडे सरकते. तेव्हा 1.67 चा विचार करता येईल.