अनुभव हवेत: विमानात, उंचावर, उन्हात ‘जास्त चढली’ का?

सांजसकाळ: घरी दोन ग्लास वाइन घेतली की मी फार तर गाणी म्हणते. गेल्या महिन्यात मुंबई-फ्रँकफर्ट विमानात जेवणाआधी तेवढीच घेतली, डोळा लागला, आणि दोन तासांनी उठून उभी राहिले तर गुडघ्यांत जीवच नाही. शेजारच्या काकूंच्या मांडीवर बसता बसता राहिले. छाती धडधडत होती. नवरा म्हणतो, वरती एकाची दोन होते. खरंच होते का? तुमचे अनुभव लिहा. लडाख, गोवा, एप्रिलमधला नागपूर, सगळं चालेल. उपदेश नकोत.

बंडू_बिनधास्त: फुकटची नेहमीच जास्त चढते. त्याला उंची लागत नाही.

घाटवाट: नवरा बरोबर आहे. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून दारू रक्तात दुप्पट भिनते. लेहला उतरलो त्याच संध्याकाळी आम्ही चौघांनी दोन-दोन पेग घेतले. रात्री तीन वाजता चौघंही जागे, कपाळावर हातोडे, एकाला उलट्या. पुण्यात हेच चौघं अर्धी बाटली संपवून सकाळी सिंहगड चढतात.

निवृत्त_फौजी: ती दारू नव्हती हो, लेह होतं. साडेअकरा हजार फूट. आम्हाला वर पाठवताना पहिला टप्पाच सहा दिवसांचा असायचा, त्यातले पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. रम मिळायची, पण त्या दिवसांत कोणी हात लावला तर सुभेदारसाहेब सोलून काढायचे. कारण एकच: डोकेदुखी आणि मळमळ उंचीची की रमची, हे सकाळी कळत नाही. हँगओव्हर समजून माणूस झोपून राहतो आणि तिकडे फुप्फुसात पाणी भरत असतं.

साखरझोप: मी पीत नाही. पण लांबच्या विमानात मलाही उठल्यावर गरगरतं, पाय जड होतात. माझं इथे चालेल का?

भूलवाली: साखरझोप, तुमचंच सगळ्यात जास्त चालेल. मी भूलतज्ज्ञ आहे, ऑक्सिमीटरकडे बघतच दिवस जातो, म्हणून थोडं लांबण लावते.

घाटवाट, दुप्पट भिनत नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या संशोधकांनी लोकांना दारू पाजून साधारण १२ हजार फुटांवरच्या हवेत ठेवलं आणि श्वासातून मोजलं. आकडा जमिनीवर येतो तेवढाच आला. पोटातून रक्तात जाणारी दारू हवेचा दाब विचारत नाही.

बदलतं ते दुसरंच. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरचा ठेवतात. म्हणजे बसल्या जागी तुम्ही कळसूबाईच्या शिखराच्याही वर असता. जमिनीवर ९७-९८ दाखवणारं बोट तिथे ९२-९३ दाखवतं. एवढ्यावर जागा माणूस बरा असतो, थोडा सुस्तावतो, साखरझोप यांच्यासारखं गरगरूही शकतं. दारूने येणारी सुस्ती त्याच मेंदूवर येऊन बसते. दोन वेगळी ओझी, पण बिल सगळं वाइनच्या नावावर.

खरी मेख झोपेत आहे. २०२४ साली जर्मनीत कोलोनच्या संशोधकांनी धडधाकट तरुणांना रात्री दोन बिअरएवढी व्होडका देऊन विमानातल्या दाबात झोपवलं. ऑक्सिजन साधारण ८५ पर्यंत उतरला आणि हृदयाचे ठोके मिनिटाला ८८ च्या आसपास गेले. तशाच दुसऱ्या गटातले लोक जमिनीवर तेवढीच पिऊन झोपले तेव्हा ऑक्सिजन ९५ होता. दारूने घशाचे स्नायू सैल पडतात, श्वास उथळ होतो, आणि वर हवाही पातळ. सांजसकाळ, तुमची धडधड मला तरी तिथलीच वाटते.

हवाईसुंदरी_निवृत्त: डॉक्टरबाई, मापाचं राहिलं! विमानातली छोटी बाटली ५० मिलीची. घरी तुम्ही ३० चा पेग मोजून घेता, वर मोठ्या दिमाखात दोनच घेतो म्हणता. इथे दोन म्हणजे १०० मिली, घरचे तीन पेग आणि वर थोडी. वाइनची छोटी बाटलीही १८७ मिलीची असते, अख्ख्या बाटलीचा पाव हिस्सा. ग्लास लहान दिसतो, क्रू दोनदा भरतो, माणूस एकच मोजतो.

बाकी चक्कर यायची जागा ठरलेली: टॉयलेटची रांग. चार तास बसलेला माणूस एकदम उठतो, रांगेत उभा राहतो, पांढरा पडतो, घाम फुटतो. आम्ही आधी आडवं करायचो, पाय वर, मग गरज वाटली तर ऑक्सिजन. बहुतेक दहा मिनिटांत ‘मला काही झालंच नाही’ म्हणत उठून बसायचे.

घाटवाट: दुप्पटचं मागे घेतो. पण मग आठवड्याने पँगाँगला, अजून वर, तेच दोन पेग घेऊन काही झालं नाही ते का?

भूलवाली: आठवड्यात तुमचा श्वास वाढलेला असतो, शरीर सरावलेलं असतं. तरी चौदा हजारांवर मी घेणार नाही. काहींना तिथेही त्रास होतो आणि कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही.

काजूबोंड: उंची राहू दे, ऊन घ्या. आम्ही साळगावकडचे. एप्रिलात उर्राक, लिमका, मीठ, उभी चिरलेली मिरची. फेणीसारखी कडक नसते, सरबतासारखी जाते, तिथेच फसतो पाहुणा. पुण्याचे भावोजी दुपारी अडीचला व्हरांड्यात बसले, तहान लागली म्हणून गटागटा चार ग्लास. बसलेले होते तोवर राजकारण उत्तम चाललं होतं. फोन घ्यायला उठले आणि केळीच्या बुंध्याशी आडवे. आईने सावलीत ओढलं, पाय पाटावर ठेवले, दोन मिनिटांत डोळे उघडले. पहिला प्रश्न: ‘फोन कोणाचा होता?’

भूलवाली: यात ऑक्सिजनचा संबंध नाही. उन्हात अंग थंड ठेवायला कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, दारूनेही थोड्या रुंदावतात. घामाने पाणी गेलेलं, दारूने लघवीही वाढलेली. उभं राहिलं की रक्त पायांत उतरतं, डोक्याला पुरत नाही. आणि तहान दारूने भागवली की वेग आपोआप वाढतो. चार ग्लास चार तासांत घेतले असते तर कदाचित फोन घेतला असता. मात्र सावलीत नेऊनही माणूस बरळत असेल, अंग भट्टीसारखं तापलं असेल, तर ‘चढली असेल’ म्हणून सोडू नका. तो उष्माघात असू शकतो. सरळ दवाखाना.

वऱ्हाडी_ठेचा: आमच्याकडे मे महिन्यात थंड स्ट्राँग बिअर. ६५० ची बाटली, आठ टक्के. मी तिला हलकं पेय समजायचो. मेव्हण्याने कागदावर हिशोब मांडला: एकीत व्हिस्कीचे चार छोटे पेग. तेव्हापासून उन्हाला दोष देत नाही. पण तीच बाटली डिसेंबरात एवढी लागत नाही, हेही खरं.

सांजसकाळ: परतीच्या विमानात ऑक्सिमीटर घेऊन गेले. पहिला आकडा ७९! हातपाय गळाले. मग लक्षात आलं, बोटाला गडद मरून नेलपेंट होतं. दुसऱ्या बोटाचं पुसून लावलं तर ९३, एका वाइननंतर, जागी असताना. नवऱ्याने दोन व्हिस्की घेतल्या आणि घोरायला लागला. त्याच्या बोटाला हळूच लावलं: ८६, ८४, परत ८६. कोपराने ढोसलं, तो सरळ बसला, दोन-चार मोठे श्वास घेतले, ९१. ‘काय झालं?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘एकाची दोन होत नाही.’ ऐकून परत झोपला.